भिंतीला ऊब द्या, पण श्वास घेऊ द्या

फ्रान्सच्या खेड्यांतली जुनी घरे डबराच्या दगडांची आणि मातीच्या सांध्यांची आहेत. भिंत अर्धा मीटर जाड असली, तरी दगड उष्णता झटकन बाहेर नेतो. आत 20 आणि बाहेर 0 अंश असताना अशा भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून साधारण 42 वॅट उष्णता निघून जाते.

या भिंतींच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतले पाणी सांध्यांतून वर चढते, पाऊसही थोडा आत झिरपतो आणि हे पाणी दोन्ही अंगांनी वाळून जाते. या वाळण्यावरच भिंत टिकून राहते. बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ही वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. आतून थर्माकोल आणि जिप्समचे फलक लावले, तर दगड गार पडतो आणि घरातली वाफ फटींतून मागे जाऊन त्यावर पाणी होऊन साचते. कुजका वास, बुरशी, भिंतीत रोवलेल्या तुळयांची मऊ पडलेली टोके ही त्याची लक्षणे. मातीचा सांधा भिजून लोण्यासारखा झाला, तर भिंत फुगते, कधी कोसळतेही.

म्हणून काम बाहेरून सुरू करावे. पन्हळी दुरुस्त कराव्यात, भिंतीला टेकलेली माती आतल्या जमिनीच्या पातळीखाली उतरवावी, सिमेंट खरवडून काढावे आणि निदान एक उन्हाळा भिंत वाळू द्यावी. ही घाई अनेकांना महागात पडते.

मग आतून चुना-वाळूचा खरबरीत हात मारून त्यावर चुना आणि हेम्पच्या देठांचा भुसा कालवलेला गिलावा थराथराने चढवतात. हेम्प हे भांगेच्याच जातीचे झाड. भुशातली हवा उष्णता रोखते, चुना ओल शोषतो आणि सोडतो. गिलावा दगडाला घट्ट चिकटलेला हवा; मागे पोकळी नको. सहा सेंटीमीटर थराने वरचा 42 वॅटचा आकडा सुमारे 20 वर येतो. थर दुप्पट केला, तर तो फक्त 13 च्या आसपास उतरतो. त्यात दगडही अधिक गार पडतो आणि त्याचे वाळणे मंदावते. सहा सेंटीमीटर हा शहाणपणाचा मध्य आहे. तो वाळायला बरेच आठवडे लागतात, म्हणून काम थंडीच्या तोंडावर काढू नये. शेवटचा हात चुन्याचा किंवा मातीचा असावा. प्लास्टिक रंग लावला, तर सगळी मेहनत वाया जाते.

जिथे पूर्वी गोठा होता, तिथल्या भिंतीत मूत्रातले क्षार मुरलेले असतात. तिथे लोणा फुटून नवा गिलावा भुसभुशीत होतो, ठोकल्यावर पोकळ वाजतो. अशी किंवा वाळूनही ओलीच राहणारी भिंत रोधनाविना सोडावी आणि तो खर्च आधी छपराखाली करावा.