पेटी, माइक आणि दहा बाय बाराची खोली

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावांमध्ये घरांची बांधणीच बदलली. दगडमातीच्या रुंद भिंतींची माळवदे मागे पडली आणि सिमेंटची आटोपशीर घरे उभी राहिली. धाराशिव जिल्ह्यात इतरत्रही आता नवे घर म्हणजे गुळगुळीत गिलावा, वर स्लॅब आणि खाली फरशी. राहायला हे घर सोयीचे असते, पण तिथे बसून पेटी रेकॉर्ड केली की आवाज डब्यात वाजल्यासारखा येतो. मग दोष माइकला दिला जातो, भिंतींवर काय चिकटवावे याची चौकशी सुरू होते, आणि माइक मात्र होता तिथेच राहतो. खरे तर या खोलीत सर्वांत मोठा फरक पडतो तो पेटी आणि माइक यांच्यातल्या अंतराने, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

गैरसमज: महाग माइक घेतला की खोलीचा आवाज जातो

माइकमध्ये दोन आवाज जातात. एक पेटीतून सरळ येणारा आणि दुसरा भिंती, स्लॅब, फरशी यांवर आपटून परतणारा. सिमेंटचा गिलावा त्याच्यावर पडलेल्या आवाजातला जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषतो, बाकीचा परत फेकतो. त्यामुळे परतणारा आवाज खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. सरळ येणारा आवाज मात्र अंतर दुप्पट झाले की ताकदीने चौथाई उरतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात एखादी खाट आणि थोडे सामान आहे, टाळीचा नाद विरायला साधारण सव्वा सेकंद लागतो. ध्वनिशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने हिशेब केला, तर समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणाऱ्या कार्डिऑइड माइकसाठी पेटीचा आणि खोलीचा आवाज सुमारे पावणेदोन फुटांवर समसमान होतो. माइक तीन फुटांवर असेल तर पेटी खोलीच्या एकतृतीयांश उरते. तोच माइक एका फुटावर आणला तर पेटी खोलीच्या तिप्पट होते. दोन फूट सरकवल्याने हे प्रमाण नऊ पटींनी बदलले. लहान खोलीत हे सूत्र अंदाजापुरतेच धरायचे असले, तरी कल कुठे आहे ते त्यातून स्पष्ट दिसते. किमतीने असा फरक पडत नाही. उलट महाग कंडेन्सर माइक बारीकसारीक टिपतो, म्हणून तीन फुटांवरून तो खोलीसुद्धा अधिक स्वच्छ टिपतो. मोबाईलचा माइक बहुधा सर्व बाजूंनी सारखेच ऐकतो, त्याच्यासाठी ही समसमान रेषा एका फुटाच्या आसपासच येते. त्यामुळे मोबाईल आणखी जवळ ठेवावा लागतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो: आकाशवाणीच्या स्टुडिओत माइक लांब असूनही पेटी गोड येते, ते कसे? तिथल्या भिंती आणि छत आवाज शोषतील अशा बांधलेल्या असतात. परतणारा आवाज कमी, म्हणून समसमान रेषा दूर सरकते आणि माइकही दूर नेता येतो. स्टुडिओतले अंतर घरात आणले, पण भिंती घरच्याच राहिल्या, तर निकाल उलटाच लागणार.

गैरसमज: मग जितके जवळ तितके चांगले

असे असते तर माइक जाळीला चिकटवून मोकळे होता आले असते. पण पेटी एका बिंदूतून वाजत नाही. साडेतीन सप्तकांच्या पट्ट्या सुमारे वीस इंच रुंदीत पसरलेल्या असतात, खर्जाचे सूर डावीकडे आणि तार सप्तकाचे उजवीकडे. मधोमध तीन इंचांवर माइक धरला, तर टोकाचे सूर त्यापासून साडेतीन पट लांब पडतात आणि मधल्या सुरांपेक्षा दहा डेसिबलहून अधिक दबतात. तान वर गेली की पेटी दुसऱ्याच खोलीत गेल्यासारखी वाटते. एक फुटावर हाच फरक दोन-सव्वादोन डेसिबलवर येतो, तो कानाला खुपत नाही. शिवाय कार्डिऑइड माइक फार जवळ आला की खालचे स्वर फुगवतो, आणि भात्याची हवा व पट्ट्यांची खटखट ठळक होते. म्हणून वरच्या जाळीपासून एक ते सव्वा फूट उंचीवर, भात्यापेक्षा पट्ट्यांच्या बाजूला किंचित झुकलेला आणि तोंड खाली जाळीच्या मध्याकडे असलेला माइक या खोलीत सर्वांत उपयोगी पडतो. त्याची बहिरी बाजू स्लॅबकडे राहते, त्यामुळे वरून परतणारा आवाजही कमी घेतला जातो. गिटारला हेच अंतर चालते. फक्त तोंड मधल्या भोकाकडे न ठेवता, दांडा जिथे पोकळीला मिळतो त्या बाजूला ठेवावे, कारण भोकासमोर खालचे स्वर घुमतात.

गैरसमज: भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावले की स्टुडिओ झाला

हे ट्रे पातळ कागदी लगद्याचे असतात. ते वरच्या स्वरांची थोडी चमक शोषतात, मधले आणि खालचे स्वर जवळपास तसेच परततात. बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज तर ते मुळीच अडवत नाहीत, कारण त्यासाठी वजनदार आणि फटी नसलेला अडसर लागतो. आगीचा धोका वाढतो तो वेगळाच. ट्रेंपेक्षा घरातली वाकळ आणि कापसाची गादी कितीतरी चांगले काम करतात. वाकळ भिंतीला चिकटवू नये, दोरीवर चार इंच पुढे टांगावी. मागे राहिलेल्या पोकळीमुळे ती साधारण नऊशे हर्ट्झपासून वरचे स्वर चांगले शोषते, आणि पेटीच्या आवाजाचा कर्कशपणा बराचसा त्याच भागात असतो. माइकचे तोंड खाली आहे, म्हणून पेटीभोवतीच्या फरशीवर जाड सतरंजी हवीच. तीन-चार गाद्या उभ्या लावल्या तर खोलीतला नाद साधारण निम्म्यावर येतो आणि एक फुटावर पेटी खोलीच्या तिपटीऐवजी सहापट होते. म्हणजे गाद्यांनी प्रमाण दुप्पट झाले, जागेने नऊपट झाले होते. क्रम यातून ठरतो.

गाद्यांनाही मर्यादा आहे. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीचे, म्हणजे ११४ हर्ट्झच्या आसपासचे कंपन अडकून घुमते, आणि कापूस त्याला फारसे दाबू शकत नाही. खर्जाचा एखादा सूर उगाच मोठा येतो तो अनेकदा यामुळेच. त्यावर उपाय म्हणजे बैठक बदलणे. खोलीच्या बरोबर मध्यात किंवा भिंतीला टेकून न बसता एका भिंतीपासून तीन-चार फुटांवर बसावे, आणि तरीही तो सूर घुमला तर फूटभर सरकून पाहावे.

«नंतर सॉफ्टवेअरने साफ करू» असेही म्हटले जाते. पंख्याची एकसारखी घरघर काही प्रमाणात काढता येते. पण खोलीचा नाद पेटीच्याच सुरांचा बनलेला असतो. तो ओढून काढताना सुराचा कसही निघून जातो. म्हणून तपासणी आधीच करावी. पंखा बंद करून माइक अर्धा फूट, एक फूट आणि तीन फुटांवर ठेवून मध्य सप्तकातला सा झटकन दाबून सोडा. पट्टी सुटताच पेटी थांबते, त्यानंतर इअरफोनवर जे ऐकू येते ती खोली असते. तिन्ही ध्वनिमुद्रणे आवाजाने सारखी करूनच तुलना करावी, कारण मोठा आवाज नेहमीच चांगला भासतो. मग खर्जापासून तारेपर्यंत एक सरळ आरोह वाजवा. ज्या अंतरावर शेपूट आखूड आणि आरोह समतोल येतो ती माइकची जागा. इतके करूनही आवाज मनासारखा आला नाही, तरच नव्या माइकचा खर्च विचारात घ्यावा.