पैसे कापले, नोटा नाहीत. पत्रात काय लिहावे?

एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पाच हजार वजा झाले, अशी तक्रार घेऊन ग्राहक शाखेत येतो. काही दिवसांनी त्याच्या हाती पत्र पडते: 'तांत्रिक कारणास्तव आपली गैरसोय झाली, त्याबद्दल मनःपूर्वक क्षमस्व.' एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. मधल्या काळात पैसे होते कुठे आणि ते यायला इतके दिवस का लागले, हे त्याला हवे असते.

समजा, व्यवहार ३ जूनला दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर झाला आणि पैसे १२ जूनला परत जमा झाले. मला पत्र असे असावेसे वाटते:

'३ जूनला रात्री ८.२० वाजता आपल्या खात्यातून ५,००० रुपये वजा झाले, पण यंत्रातून नोटा बाहेर आल्या नाहीत. व्यवहार फसल्याचा संदेश आमच्यापर्यंत पोहोचला नाही, म्हणून रक्कम आपोआप परत आली नाही. त्या यंत्रातील रोकड मोजल्यावर हिशेबापेक्षा ५,००० रुपये जास्त निघाले आणि आपले म्हणणे बरोबर ठरले. आपला अर्ज ४ जूनला आमच्या शाखेत आला होता. तो एटीएम विभागाकडे आम्ही ८ जूनला पाठवला. हा उशीर आमचा आहे. ५,००० रुपये आणि चार दिवसांच्या विलंबाचे ४०० रुपये १२ जूनला आपल्या खात्यात जमा केले आहेत. या काळात शिल्लक कमी पडून आपला चेक परत गेला असल्यास कळवावे, त्याचे शुल्क आम्ही परत करू. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.'

दिलगिरी एकदाच आहे, तीही सगळे सांगून झाल्यावर. ती चार वेळा आली असती, तर ग्राहकाला वाटले असते की काहीतरी लपवले जात आहे. यंत्र दुसऱ्या बँकेचे होते, ही सबब पत्रात नाही. ग्राहकाचे खाते आपल्याकडे आहे, उत्तरही आपणच द्यायचे. अर्ज कोणत्या कारकुनाच्या टेबलावर पडून राहिला, हेही त्यात नाही. ते बँकेने आत शोधून सुधारावे. पण शाखेत गेलेले दिवस मात्र लिहिलेच पाहिजेत. ग्राहकाकडे ४ तारखेची पोच असते, त्यामुळे ती ओळ गाळली की बाकीच्या पत्रावरचा त्याचा विश्वासही उडतो.

४०० रुपये ही बँकेची मेहेरबानी नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवी, म्हणजे इथे ८ जूनपर्यंत. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि ती ग्राहकाने न मागताही त्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे.