आपल्या खात्यात दिसलं का?

आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार मी घरी असते आणि काउंटरवर दोन मुलं असतात. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी दुकानाच्या मोबाइलवर फोन आला. बोलणारा म्हणाला, बांधकामाच्या साइटवरून बोलतोय, नऊ वॅटचे वीस एलईडी बल्ब बांधून ठेवा, माणूस पाठवतो, पैसे आत्ताच टाकतो. बल्ब ९२ रुपयांना, म्हणजे १,८४० रुपये झाले. पाच मिनिटांत मेसेज पडला:

```
Dear Customer, Rs.18,400.00 credited to your
A/c XX2207 by UPI. Ref No 51840027731
```

पाठोपाठ पुन्हा फोन. "अरे भाऊ, एक शून्य जास्त पडलं बघ. तुझे अठराशे चाळीस ठेव आणि बाकीचे लगेच परत कर, मजुरांचा पगार अडकलाय." मुलाने कॅल्क्युलेटरवर हिशेब केला, १६,५६० परत द्यायचे होते. दुकानाच्या खात्यातून पैसे पाठवायची सोय त्याच्याकडे नव्हती, म्हणून स्वतःच्या खात्यातले होते नव्हते ते सात हजार त्याने पाठवले आणि सांगितलं, "बाकीचे वहिनी आल्या की देतो." ते त्याच्या गाडीच्या हप्त्याचे पैसे होते. दुकानाच्या खात्यात त्या दुपारी एक रुपयाही जमा झाला नव्हता.

त्या रात्री मी वहीच्या पानावर जे लिहायला घेतलं, तोच आज आमच्या काउंटरच्या काचेखाली असलेला कागद. त्यातली प्रत्येक ओळ का आहे, ते इथे सांगते. ज्यांच्या दुकानात दुसरं कोणी काउंटर सांभाळतं, त्यांना ते कामाला येईल.

पहिली ओळ अशी: "गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसलेले पैसे मोजायचे नाहीत." हिरवी खूण, दुकानाचं नाव, रक्कम, वेळ, असं सगळं हुबेहूब दाखवणारी बनावट ॲप आहेत. त्यात नाव आणि आकडा टाइप केला की खऱ्यासारखा पडदा येतो आणि काहींत पैसे गेल्याचा आवाजही होतो. स्क्रीनशॉटवरची तारीख बदलणं तर त्याहून सोपं. त्यामुळे तो पडदा निरखून काही सापडेल, अशी आशा मुलांना लावूच नये. अक्षराचा आकार, रंग, स्पेलिंग शोधत बसलं की चांगल्या नकलेपुढे फसायला होतं. आपल्या खात्यात दिसलं का, एवढाच प्रश्न.

पण ते दिसणार कुठे? खरी अडचण इथेच असते. बहुतेक दुकानांत क्यूआर कोड मालकाच्या नंबरला जोडलेला असतो, मालकाचा फोन मालकाच्या खिशात असतो आणि मालक घरी जेवत असतो. काउंटरवरच्या मुलाला पाहायला मिळतो तो फक्त गिऱ्हाइकाचा फोन. मग तो त्यावरच विश्वास ठेवणार, त्याची काय चूक? आमच्याकडे आता पैसे आल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स आहे, आणि व्यापाऱ्यांच्या ॲपमध्ये कामावरच्या माणसाला फक्त जमा पाहण्याची परवानगी देता येते, तीही दोघांना दिली आहे. त्यांना खात्यातून पैसे काढता येत नाहीत, पण आलेली रक्कम दिसते. साउंडबॉक्सवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. त्याची बॅटरी उतरते, नेटवर्क जातं, आणि शनिवारच्या गर्दीत तो आवाज आपल्या डब्यातून आला की समोरच्याच्या खिशातून, हे कळत नाही. पाचशेच्या वरची रक्कम असली की आमची मुलं ॲपमधल्या यादीत पाहूनच पिशवी पुढे करतात.

कधी कधी गिऱ्हाईक खरं असतं, त्याच्या खात्यातून पैसे गेलेले असतात आणि आपल्याकडे आलेले नसतात. दोन बँकांच्या मध्ये व्यवहार अडकतो. अशा वेळी मुलगा गिऱ्हाइकाला चोर समजून बोलला तर ते पुन्हा पायरी चढणार नाही. म्हणून कागदावर वाक्यच लिहून ठेवलंय: "काका, आमच्याकडे अजून दिसत नाही, दोन मिनिटं बसता का?" एवढ्यात आलं तर उत्तम. नाही आलं तर रोख किंवा दुसरं कार्ड. व्यवहार पूर्ण झालाच नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला केलेल्या यूपीआय व्यवहारात पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप गिऱ्हाइकाच्या खात्यात परत जायला हवेत, तसे न गेल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. हेही मुलांना सांगून ठेवलंय, कारण गिऱ्हाइकाला ते समजावून सांगितलं की आवाज खाली येतो.

आता पुन्हा त्या दुपारच्या मेसेजकडे. तो कुठून आला होता, हे पाहिलं असतं तर तिथेच थांबता आलं असतं. वर दहा आकडी साधा मोबाइल नंबर होता. बँकेचा जमा-नावे मेसेज कुणाच्या मोबाइल नंबरवरून येत नाही. तो `AX-ABCBNK-S` अशा घडणीच्या नावाने येतो: आधी दोन अक्षरं, मध्ये बँकेने नोंदवलेलं सहा अक्षरांचं नाव, आणि २०२५ पासून शेवटी एक अक्षर. S म्हणजे सेवा, T म्हणजे व्यवहार, G म्हणजे सरकारी, P म्हणजे जाहिरात. मुलांना ही अक्षरं पाठ करायला लावलेली नाहीत. कागदावर एवढंच आहे: "मोबाइल नंबरवरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेला 'पैसे जमा' हा मेसेज धरायचा नाही." दुसरी खूण खाते क्रमांकाची. मेसेजमध्ये २२०७ होते, आमच्या खात्याचे शेवटचे चार आकडे वेगळे आहेत. पण ते त्या मुलाला कधी कोणी सांगितलेच नव्हते. आता ते कागदावर मोठ्या अक्षरांत आहेत. तिसरी खूण संदर्भ क्रमांकाची: यूपीआयचा क्रमांक बारा आकडी असतो, तिथे अकराच होते. यावर मात्र फार विसंबू नका. फसवणारा पुढच्या वेळी बारा आकडे मोजून टाकेल.

आणि समजा पैसे खरंच जास्त आले तर? तरीही काउंटरवरून परत पाठवायचे नाहीत. ज्याने पाठवले त्याने त्याच्या बँकेत तक्रार करावी, बँक आपल्या बँकेशी बोलते. कारण ते पैसे तिसऱ्याच कुणाला फसवून आलेले असू शकतात. आपण ते सांगितलेल्या नंबरवर पुढे पाठवले, तर तक्रारीच्या साखळीत आपलं खातं येतं आणि ते गोठवलं जाऊ शकतं. शिवाय पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. व्यक्तीने व्यक्तीला पैशांची मागणी पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण क्यूआर पाठवून "हा स्कॅन कर, पैसे येतील" म्हणणारे आहेतच.

कागदाची दुसरी बाजू पार्सलची आहे. आमच्याकडे आठवड्यात चार-पाच पार्सलं येतात, त्यामुळे "तुमचं पार्सल गोदामात आहे, पत्ता अपुरा असल्याने दोनदा परत गेलं, ४८ तासांत पत्ता दुरुस्त करा" हा टपाल खात्याच्या नावाचा मेसेज मुलांना खराच वाटतो. तो खोटा असल्याचं सरकारच्या पीआयबीनेही जाहीर केलं होतं. त्यातल्या लिंकवर पत्ता भरून घेतात, मग वीस-पंचवीस रुपये फी म्हणून कार्डाचा नंबर आणि ओटीपी मागतात. पंचवीस रुपयांसाठी कोण विचार करतो, यावरच तो धंदा चालतो. लिंक वाचायची रीत मी मुलांना अशी दाखवली: `https://` नंतर पहिली तिरकी रेघ येते, तिच्या अगदी अलीकडचे शब्द पाहायचे. टपाल खात्याचं तिथे `indiapost.gov.in` असतं. नावात कुठेतरी indiapost आहे, पण रेघेच्या आधी दुसरंच काही आहे, म्हणजे ते टपाल खातं नव्हे. तरी कागदावरचा नियम याहून सोपा ठेवलाय: मेसेजमधली लिंक उघडायचीच नाही. पावतीवरचा पार्सल नंबर कुरिअरच्या साइटवर आपण स्वतः टाकायचा.

याच्यापेक्षा जास्त धोक्याचा प्रकार फोनवरचा. "मॅडम, डिलिव्हरी बॉय बोलतोय, पत्ता सापडत नाही, हा कोड दाबा म्हणजे माझा फोन लागेल." कोडात 21 असतो आणि मग ताऱ्याच्या खुणेपुढे त्याचा मोबाइल नंबर असतो. तो दाबला की आपले येणारे फोन त्याच्याकडे वळतात. बँकेचा खात्री करणारा फोन, व्हॉट्सॲपचा ओटीपी सांगणारा फोन, सगळे तोच उचलतो. आपल्याला कळतं ते उशिरा, "तुझा फोन लागतच नाही" असं कोणी म्हटल्यावर. उपाय मात्र एका ओळीचा आहे आणि तो कागदावर जशाच्या तसा लिहिलाय:

```
##002#
```

हे डायल केलं की वळवलेले सगळे फोन पुन्हा आपल्याकडे येतात. मग व्हॉट्सॲप तपासायचं आणि बँकेला फोन करायचा.

दारात येऊन "साहेबांनी मागवलंय, बाराशे द्या" म्हणणाऱ्या पार्सलबद्दल फार लिहायला नको. मालकाला फोन केल्याशिवाय गल्ल्यातून पैसे द्यायचे नाहीत, मग पार्सल परत गेलं तरी चालेल.

शेवटी १९३०. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर, आणि तिथे घड्याळाला फार किंमत आहे. फसवणाऱ्याच्या खात्यातून पैसे पुढच्या खात्यात, तिथून आणखी पुढे पळवले जातात. त्याआधी तक्रार पोचली तर बँक रक्कम अडवू शकते. फोन करताना रक्कम, वेळ, आपली बँक आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी हवा. पण एक मर्यादा लक्षात घ्या. खोटा पडदा दाखवून कोणी माल नेला असेल, तर पैसे हललेलेच नसतात, त्यामुळे बँकेला अडवायला काही नसतं. तिथे सीसीटीव्हीचं चित्रण आणि गाडीचा नंबर घेऊन पोलीस ठाण्यात जायचं.

आमच्या मुलाने सात हजार पाठवले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मला त्याने सांगितलं रात्री साडेनऊला, दुकानाचं शटर ओढताना. मधले सात तास तो बल्ब विकत होता, वायर मोजून देत होता आणि पगारातून कापतील या भीतीने गप्प होता. आम्ही १९३०ला फोन लावला तोवर पैसे त्या खात्यातून निघून गेले होते. ते परत आले नाहीत.

म्हणून कागदाची सगळ्यात वरची ओळ मी नंतर लिहिली, लाल पेनाने: "चूक झाली तर त्याच मिनिटाला सांगा. पगारातून कापणार नाही." त्याचे सात हजार मी पुढच्या पगारात घालून दिले. गेल्या महिन्यात दुपारी तीनला त्याचा फोन आला. "वहिनी, एक जण ट्यूबलाइटचे बावीसशे पाठवले म्हणतोय. आपल्याकडे दिसत नाही. मी त्याला बसवलंय." मी म्हटलं, पाणी दे त्याला. दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. तो माणूस पाणी न पिताच गेला होता, आणि ट्यूबलाइट दुकानातच होत्या.