पैसे गेले, पुस्तक नाही : टू-फेज कमिट की सागा?

खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश आला, पण पडद्यावर मात्र ‘ऑर्डर अयशस्वी’ असे दिसले, हा अनुभव आज बहुतेकांच्या गाठीशी आहे. ‘सर्व्हर डाऊन असेल’ असे म्हणून आपण तो सोडून देतो. पैशांच्या देवघेवीच्या प्रणाली बांधण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे. माझ्या मते या अनुभवामागे सर्व्हर बंद पडण्यापेक्षा एक जुना आणि रंजक प्रश्न आहे : एकच व्यवहार अनेक वह्यांमध्ये लिहायचा असेल, तर त्या साऱ्या वह्या एकमेकींशी जुळत्या कशा ठेवायच्या?

एक उदाहरण घेऊ. ऑनलाइन दुकानात सहाशे रुपयांच्या एका पुस्तकाची शेवटची प्रत उरली आहे. पूर्वी अशा दुकानाचा सगळा हिशेब एकाच डेटाबेसमध्ये असे. पैसे घेणे आणि प्रत कमी करणे ही दोन्ही कामे एकाच व्यवहारात बांधता येत. झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. आज त्याच दुकानाचे तुकडे झालेले असतात. ऑर्डर, साठा, पैसे आणि कुरियर अशा चार स्वतंत्र सेवा, आणि प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. यांनाच मायक्रोसर्व्हिस म्हणतात. एका वहीत लिहिले गेले आणि दुसरीत राहिले, ही शक्यता इथे जन्माला येते.

यावरचा पहिला उपाय म्हणजे टू-फेज कमिट. जिम ग्रे यांनी 1978 च्या आपल्या टिपणांत तो मांडला होता. एक समन्वयक असतो. पहिल्या टप्प्यात तो प्रत्येक सेवेला विचारतो, ‘तयार आहेस का?’ सेवा आपले काम करून, ते कायमचे नोंदवता येईल अशी तजवीज करून ‘हो’ म्हणते. सगळ्यांचे ‘हो’ आले की दुसऱ्या टप्प्यात समन्वयक ‘पक्के करा’ असा हुकूम देतो. एकाने जरी ‘नाही’ म्हटले, तरी सगळ्यांना माघार घ्यायला सांगतो.

खरी मेख या दोन टप्प्यांच्या मधल्या क्षणांत आहे. ‘हो’ म्हटलेली सेवा शब्दाने बांधली जाते. निकाल येईपर्यंत तिला स्वतःहून पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. तोवर पुस्तकाच्या साठ्याची ती नोंद कुलूपबंद राहते. नेमक्या याच वेळी समन्वयक कोसळला तर? साठ्याची सेवा वाट पाहत बसते आणि तीच नोंद बदलू पाहणारी दुसरी प्रत्येक विनंती तिच्यामागे रांगेत थांबते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये `PREPARE TRANSACTION` दिल्यावर असा अर्धवट व्यवहार यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी टिकून राहतो. तो `pg_prepared_xacts` या यादीत दिसतो; तिथे तासाभरापूर्वीची नोंद सापडली, तर कुठेतरी एखादा समन्वयक आपले वचन विसरला आहे असे समजावे. पोस्टग्रेसमध्ये ही सोय मुळात बंदच ठेवलेली असते, यावरून ती किती जपून वापरायची ते कळावे.

दुसरी अडचण आणखी साधी आहे. पैसे घेणारे गेटवे आणि त्यामागची बँक आपल्या मालकीची नसतात. आपल्या समन्वयकासाठी त्यांनी आपल्या वहीला कुलूप लावून बसावे, हे त्या मान्य करणार नाहीत.

म्हणून दुसरा मार्ग, सागा. प्रिन्स्टन विद्यापीठातले हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी 1987 मध्ये तो मांडला. त्यांच्या डोळ्यांसमोर तासन् तास चालणारे लांबलचक व्यवहार होते. मायक्रोसर्व्हिसवाल्यांनी तो पुढे उचलला. कल्पना अशी : मोठ्या व्यवहाराचे लहान लहान व्यवहार करा, प्रत्येक लगेच पक्का करा आणि त्याच्या जोडीला एक भरपाईची पायरी तयार ठेवा. मध्येच अडले, तर झालेल्या पायऱ्यांच्या भरपाया उलट क्रमाने करत मागे या.

भरपाई म्हणजे खाडाखोड नव्हे. जुने मुनीम चुकलेली नोंद खोडत नसत, तिच्याविरुद्ध उलट नोंद करत. सागाचा स्वभाव तोच. परत केलेले सहाशे रुपये खात्याच्या उताऱ्यावर दोन ओळी ठेवून जातात, आणि मधल्या काळात ते ग्राहकाकडे नसतात ही गोष्ट कोणत्याही भरपाईने पुसली जात नाही.

यामुळे पायऱ्यांच्या क्रमाला महत्त्व येते. आपल्या दुकानात पहिली पायरी, ऑर्डर ‘प्रलंबित’ म्हणून लिहिणे. दुसरी, प्रत राखून ठेवणे. तिसरी, पैसे घेणे. चौथी, ऑर्डर पक्की करून कुरियरला देणे. प्रत आधी आणि पैसे नंतर, कारण राखलेली प्रत मोकळी करायला काहीच लागत नाही, पैसे परत करायला मात्र दिवस लागतात. पैसे मिळाले की उंबरठा ओलांडला. त्यापुढची पायरी अडली तर मागे फिरायचे नाही. ती होईपर्यंत पुन्हा पुन्हा करत राहायचे.

आता लेखाच्या सुरुवातीच्या अनुभवाकडे येऊ. तिसऱ्या पायरीवर गेटवेने ‘नाही’ म्हटले, तर काम सोपे आहे : प्रत मोकळी करा, ऑर्डर रद्द करा. पण गेटवेने तीस सेकंदांत उत्तरच दिले नाही तर? मौन म्हणजे नकार नव्हे. विनंती वाटेत हरवली असेल, किंवा पैसे वजा झाले असतील आणि फक्त उत्तर हरवले असेल. घाईची प्रणाली मौनाला नकार समजते, प्रत सोडून देते आणि ऑर्डर रद्द करते. ती प्रत दुसरा वाचक घेऊन जातो. मग दोन मिनिटांनी निरोप येतो, ‘पैसे मिळाले’. पैसे गेले, पुस्तक नाही.

शहाणी प्रणाली अशा वेळी ऑर्डर ‘प्रलंबित’च ठेवते आणि गेटवेला स्थिती विचारते. पुन्हा मागणी करायचीच झाली, तर तोच मूळ क्रमांक लावून करते, म्हणजे पलीकडच्याला ‘ही जुनीच विनंती’ असे ओळखता येते आणि पैसे दोनदा कापले जात नाहीत. याशिवाय रोज गेटवेचा हिशेब स्वतःच्या ऑर्डरींशी ताडून पाहावा लागतो. तिकडे पैसे आहेत आणि इकडे ऑर्डर रद्द आहे अशी जोडी सापडली, की परतावा सुरू करायचा.

ही भरपाई आपल्याकडे नियमातही आली आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये. मधली अवस्था असणारच, हे नियमाने गृहीत धरले आहे आणि तिला मुदत घालून दिली आहे.

म्हणून टू-फेज कमिट मोडीत निघाले, असे मात्र नाही. गूगलचा स्पॅनर हा डेटाबेस आतून तेच वापरतो. फक्त तिथे समन्वयकाच्या नोंदी अनेक यंत्रांवर ठेवलेल्या असतात, त्यामुळे एक यंत्र कोसळले तरी वचन विसरले जात नाही. सगळ्या वह्या एकाच घरच्या असतील आणि निकाल क्षणार्धात लागणार असेल, तर तोच मार्ग सरळ. एकही वही परक्या घरची असेल, तर सागा घ्यावा लागतो. टू-फेज कमिटमध्ये अनिश्चिततेची किंमत वाट पाहणारी यंत्रे मोजतात. सागामध्ये ती काही काळ ग्राहकाच्या वाट्याला येते. तो काळ किती, आणि त्या काळात पडद्यावर ‘अयशस्वी’ लिहायचे की ‘तपासत आहोत’, हे मात्र प्रणाली बांधणाऱ्याच्या हातात असते.