विश्लेषण : मुलाचे वर्गात लक्ष नाही, की त्याला नीट ऐकूच येत नाही? ‘ग्लू इअर’ काय आहे? ग्रोमेटचा निर्णय केव्हा घेतात?

‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष देत नाही,’ असा शेरा अनेक पालकांना शाळेतून ऐकायला मिळतो. अशा काही मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साचलेला असतो. कान दुखत नाही, वाहत नाही, तापही नसतो. त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. हा त्रास बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. पण तो बरा झाला नाही, तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवण्याचा पर्याय पुढे येतो. तो कोणासाठी आणि कधी?

पडद्यामागे द्रव साचतो कसा?

कानाच्या पडद्यामागे मध्यकर्ण नावाची एक लहानशी पोकळी असते. त्यात तीन सूक्ष्म हाडांची साखळी असते. पडदा हलला की ही हाडे हलतात आणि आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचतो. पडदा मोकळेपणाने हलण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा लागतो. हे काम युस्टेशियन नलिका करते. ती मध्यकर्णापासून नाकाच्या मागच्या भागापर्यंत जाते आणि आवंढा गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते.

लहान मुलांमध्ये ही नलिका आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली, किंवा नाकामागची अॅडेनॉइड ही गाठ वाढली, की ती नीट उघडत नाही. आतली हवा शोषली जाते, दाब कमी होतो आणि पोकळीत द्रव जमू लागतो. हा द्रव बरेचदा घट्ट, चिकट होतो, म्हणून त्याला ‘ग्लू इअर’ म्हणतात. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत दहापैकी साधारण आठ मुलांना हा त्रास एकदा तरी होऊन गेलेला असतो. टाळूला फट असलेल्या किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये तो अधिक आढळतो आणि जास्त काळ टिकतो.

कानात गरम तेल किंवा लसणाचे तेल घालण्याचा उपाय अनेक घरांत केला जातो. पण द्रव पडद्याच्या आत आणि तेल पडद्याच्या बाहेर, त्यामुळे ते द्रवापर्यंत पोहोचतच नाही.

याचा लक्ष देण्याशी काय संबंध?

द्रव भरल्याने पडदा आणि हाडे जड होतात. ऐकणे साधारण २० ते ३० डेसिबलने कमी होते, काही मुलांमध्ये त्याहून जास्त. दोन्ही कानांत बोटे घालून समोरच्याचे ऐकले, तर त्याची साधारण कल्पना येते. मूल बहिरे होत नाही, मात्र त्याला अर्धवट ऐकू येते.

आपण बोलतो तेव्हा सर्व अक्षरांचा आवाज सारखा नसतो. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर मोठे असतात, तर ‘स’, ‘थ’, ‘फ’, ‘च’ यांसारखी व्यंजने बरीच हळू. श्रवणशक्ती तीस डेसिबलने घटली, तर स्वर ऐकू येतात, पण हळू व्यंजने गळतात. ‘पाच’ आणि ‘पास’, ‘वीस’ आणि ‘तीस’ यांत गोंधळ होतो. श्रुतलेखनात चुका होतात. अंकगणित येत असूनही तोंडी उदाहरणात उत्तर चुकते.

त्यात अंतराची भर पडते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. वर्गखोलीत भिंतींमुळे घट थोडी कमी असते, पण प्रतिध्वनी वाढतो. पहिल्या बाकावर समजलेले वाक्य शेवटच्या बाकावर तुकड्यांत पोहोचते. राहिलेले शब्द अंदाजाने भरताना मूल दमते आणि तासाच्या उत्तरार्धात खिडकीबाहेर बघू लागते. शिक्षकांना तेवढेच दिसते.

आणखी एक गोष्ट पालकांची दिशाभूल करते. द्रव कमी-जास्त होत असल्याने ऐकणेही बदलत राहते. एका आठवड्यात हाक ऐकू येते, दुसऱ्या आठवड्यात नाही. मग ‘त्याला हवे तेव्हा बरोबर ऐकू येते’ असा समज होतो.

मग ‘एडीएचडी’ कसा ओळखायचा?

केवळ निरीक्षणावरून खात्री होत नाही, पण काही खुणा मिळतात. कानाचा प्रश्न असलेले मूल समोरासमोर, जवळून बोलल्यास नीट प्रतिसाद देते. चित्र काढताना किंवा वाचताना एकाग्र राहते. मागून मारलेली हाक, गोंगाट किंवा दुसऱ्या खोलीतून दिलेली सूचना मात्र निसटते. टीव्हीचा आवाज वाढवणे, सतत ‘काय?’ विचारणे, वर्गातील इतर मुलांकडे पाहून मग वही उघडणे याही खुणा आहेत. एडीएचडीमध्ये शांत खोलीत, जवळून सांगितलेल्या कामातही लक्ष भरकटते. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. म्हणून लक्ष न लागण्याची तपासणी करताना आधी कान तपासून घेणे गरजेचे ठरते.

तपासणीत काय पाहतात?

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी पडदा पाहतात. तो निस्तेज किंवा आत ओढलेला दिसतो, कधी मागे द्रवाची रेषा किंवा बुडबुडे दिसतात. त्यानंतर दोन चाचण्या महत्त्वाच्या असतात.

पहिली टिम्पॅनोमेट्री. कानात मऊ टोकाची नळी ठेवून हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते मोजतात. काही सेकंदांची, न दुखणारी चाचणी आहे. निरोगी कानाचा आलेख डोंगरासारखा येतो. द्रव असेल तर तो सपाट येतो. मात्र सपाट रेषा म्हणजे द्रवच, असे नाही. त्यासाठी शेजारी छापलेला कानाच्या पोकळीचा आकडा पाहावा लागतो. तो खूप मोठा असेल तर पडद्याला छिद्र असू शकते. फारच लहान असेल तर मळ अडकलेला किंवा नळीचे टोक कानाच्या भिंतीला टेकलेले असू शकते.

दुसरी ऑडिओमेट्री. हेडफोनमधून आणि कानामागच्या हाडावरून, अशा दोन मार्गांनी आवाज देतात. हाडावरून नीट ऐकू येते पण हवेतून कमी, असे आढळले तर नस चांगली असून अडथळा मध्यकर्णात आहे, हे स्पष्ट होते.

निर्णय कसा होतो? एक उदाहरण

समजा, दुसरीत शिकणारी सात वर्षांची मुलगी आहे. जुलैत सर्दीनंतर शाळेतून तक्रार येते. दोन्ही कानांचे आलेख सपाट. हवेतून ऐकणे उजव्या कानात ३०, डाव्या कानात ३५ डेसिबल, हाडावरून मात्र १०. म्हणजे दोन्ही कानांत द्रव आहे आणि त्याचा ऐकण्यावर परिणामही होतो आहे.

तरीही लगेच शस्त्रक्रिया करत नाहीत. साधारण निम्म्या मुलांमध्ये द्रव तीन महिन्यांत आपोआप जातो. म्हणून तीन महिने थांबून पुन्हा तपासणी केली जाते. ऑक्टोबरमध्ये डोंगर दिसू लागला आणि ऐकणे १५ डेसिबलवर आले, तर प्रश्न तिथेच संपतो. एक कान सुधारला आणि मुलगी वर्गात नीट ऐकू लागली, तर आणखी थांबता येते. पण दोन्ही आलेख अजून सपाट, ऐकणे तिशीच्या पलीकडे आणि वर्गातील अडचण कायम असेल, तर ग्रोमेटची चर्चा सुरू होते.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक सूचना हेच सांगते. द्रव तीन महिन्यांपेक्षा कमी काळ असेल तर ग्रोमेट बसवू नये. दोन्ही कानांत तीन महिने किंवा अधिक काळ द्रव असेल आणि श्रवणातील अडचण चाचणीत दिसत असेल तर हा पर्याय द्यावा. तोल जाणे, शाळेत मागे पडणे, वर्तनातील बदल अशा तक्रारी द्रवामुळे असण्याची शक्यता असल्यास एका कानासाठीही विचार करता येतो.

थांबण्याच्या काळात औषधे द्यावीत का?

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२३ च्या सूचनेनुसार या त्रासासाठी प्रतिजैविके, अॅलर्जीच्या गोळ्या, नाक मोकळे करणारी औषधे किंवा स्टेरॉइड देऊ नयेत. अॅलर्जीचा वेगळा त्रास असल्यास त्याचे उपचार अर्थातच वेगळे.

या काळात वर्गातील बदल जास्त उपयोगी पडतात. मुलाला शिक्षकांजवळ, पहिल्या बाकावर, पंखा आणि दारापासून दूर बसवावे. एक कान चांगला असेल तर तो शिक्षकांच्या बाजूला यावा. सूचना फळ्याकडे तोंड करून नव्हे, मुलाकडे पाहून द्याव्यात. शस्त्रक्रिया नको असेल तर श्रवणयंत्राचा पर्यायही आहे.

ग्रोमेट बसवतात कसे आणि नंतर काय?

मुलाला पूर्ण भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याला बारीक छेद देतात, द्रव ओढून घेतात आणि छेदात नळी बसवतात. बाहेर जखम नसते आणि मूल बहुधा त्याच दिवशी घरी जाते. ग्रोमेट द्रव सतत वाहून नेण्यासाठी असते, असा समज आहे. प्रत्यक्षात ती हवा आत जाण्यासाठीची खिडकी आहे. बंद पडलेल्या युस्टेशियन नलिकेचे काम ती काही काळ करते. साधारण सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात पडदा तिला बाहेर ढकलतो आणि छेद भरून येतो. चार वर्षांवरील मुलांत गरजेनुसार अॅडेनॉइडही त्याच वेळी काढतात.

कान वाहणे हा सर्वाधिक आढळणारा त्रास. त्यावर बहुधा तोंडावाटे औषधाऐवजी कानात टाकायचे थेंब पुरतात. मोजक्या मुलांमध्ये नळी पडल्यावर छिद्र भरत नाही. काहींना द्रव पुन्हा भरल्याने दुसऱ्यांदा ग्रोमेट लागते.

ग्रोमेटनंतर लक्ष लागेलच का?

याची हमी नाही. ऐकण्यातील फायदा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत जास्त दिसतो. पुढे तो कमी होतो, कारण ग्रोमेट न बसवलेल्या मुलांचाही द्रव तोवर गेलेला असतो. अमेरिकेत पिट्सबर्ग परिसरातील अभ्यासात तीन वर्षांखालील ४२९ मुलांना लवकर किंवा उशिरा ग्रोमेट अशा दोन गटांत विभागले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ही मुले ९ ते ११ वर्षांची झाल्यावर भाषा, वाचन आणि एकाग्रतेत दोन्ही गट सारखेच होते. मात्र ती अगदी लहान, अन्यथा निरोगी मुले होती. दोन्ही कानांनी कमी ऐकणाऱ्या, शाळेत अडखळणाऱ्या मुलाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

पालकांनी सुरुवात कुठून करावी?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत सरकारी आणि अनुदानित शाळांत आरोग्य पथके मुलांची तपासणी करतात. त्यात कान वाहणे आणि ऐकण्यातील दोष यांचाही समावेश आहे. मात्र एका दिवसाच्या तपासणीत कधी कमी, कधी जास्त होणारा द्रव निसटू शकतो. म्हणून शंका असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री आणि टिम्पॅनोमेट्री दोन्ही करून घ्याव्यात. दोन्ही अहवाल तारखेसह जपून ठेवावेत. तीन महिन्यांनंतर ग्रोमेटचा निर्णय त्यांची नव्या अहवालांशी तुलना करूनच होतो.