एक कार्ड, तीन गल्ले : मेट्रोच्या फीडर बसचा हिशेब

मुंबईत मेट्रोच्या मार्गिका वाढत चालल्या आहेत. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर ही पहिली मार्गिका सुरू झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये दहिसर बाजूच्या दोन मार्गिकांचा पहिला टप्पा खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो आरे ते कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली. काळबादेवीच्या कापड बाजाराजवळही आता मेट्रोचे स्टेशन आहे. आमच्या धंद्यातील माणसे, दुकानातील नोकरवर्ग आणि कॉलेजात शिकणारी आमची मुले-मुली, सगळ्यांचा या गाडीशी रोजचा संबंध येतो. परंतु मेट्रो कोणाच्याही दारात थांबत नाही. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस किंवा कॉलेज हे दोन लहान तुकडे उरतात. ते जोडण्यासाठी जी बस असते तिला फीडर बस म्हणतात. खर्चाची खरी गोम या दोन तुकड्यांत आहे. म्हणून त्यांचा हिशेब येथे मांडत आहोत.

दोन किलोमीटरचे भाडे

एक साधे उदाहरण घेऊ. हिशेबनिसाचे काम करणारा एक तरुण घाटकोपरला मेट्रो स्टेशनपासून दोन किलोमीटरवर राहतो. त्याचे ऑफिस वर्सोवा स्टेशनपासून आणखी दोन किलोमीटर आत, यारी रोडच्या बाजूला आहे. सकाळी तो बेस्टच्या वातानुकूलित बसने स्टेशनवर येतो, मेट्रोने वर्सोव्याला जातो आणि तेथून पुन्हा बस पकडतो. संध्याकाळी हेच उलटे.

घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोचे भाडे ४० रुपये आहे. वातानुकूलित बसचे किमान भाडे ९ मे २०२५ पासून १२ रुपये झाले. त्याआधी ते ६ रुपये होते. साध्या बसचे ५ चे १० झाले. म्हणजे एका बाजूचा खर्च १२ अधिक ४० अधिक १२, असे ६४ रुपये. जाऊन-येऊन १२८ रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३,२०० रुपये. जुन्या भाड्याने हाच प्रवास २,६०० रुपयांत होत होता. मेट्रोचे भाडे एक पैसाही वाढले नाही, तरी या माणसाच्या खिशातून दरमहा ६०० रुपये जास्त जाऊ लागले. ते सगळे बसच्या त्या दोन लहान तुकड्यांतून गेले.

आता दर पाहा. मेट्रो ४० रुपयांत ११.४ किलोमीटर नेते, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेतीन रुपये पडतात. बस १२ रुपयांत दोन किलोमीटर नेते, म्हणजे किलोमीटरला ६ रुपये. याचा सबब असा की बसचे किमान भाडे पाच किलोमीटरपर्यंतचे असते. फीडर बसचा प्रवासी दीड-दोन किलोमीटरच जातो, पण पैसे पाच किलोमीटरचे देतो, आणि दिवसातून चार वेळा देतो. आपल्या भाषेत सांगायचे तर, दोन मीटर कापड घेणाऱ्याकडून दुकानदार रोज पाच मीटरचे पैसे घेतो आहे.

मग महिन्याचा पास का काढू नये, असे कोणी विचारील. त्याच फेरबदलात बेस्टचा मासिक पास ९०० वरून १,८०० रुपये झाला. आमच्या उदाहरणातील तरुणाचा बसचा महिन्याचा खर्च १२०० रुपये आहे. म्हणजे पास काढला तर ६०० रुपयांचे नुकसान. हा पास दिवसभर लांब फिरणाऱ्याच्या फायद्याचा आहे. स्टेशनपर्यंतच जाणाऱ्याने आधी आपला सुट्या तिकिटांचा आकडा मांडावा आणि मगच पासाकडे वळावे.

कार्ड एक झाले, भाडे एक झाले नाही

येथे बऱ्याच लोकांचा एक गैरसमज आहे. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड सुरू केले. मेट्रो आणि बस दोन्हीकडे एकच कार्ड चालावे, हा त्याचा हेतू. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन हे मोबाइल ॲप आले. त्यात मेट्रो, लोकल, बेस्ट आणि शेजारच्या शहरांच्या बसगाड्या मिळून ११ सेवांची तिकिटे एकाच ठिकाणी काढण्याची सोय केली गेली. लोकांना वाटले की आता तिकीट एक झाले, म्हणजे भाडेही कमी झाले.

तसे नाही. एका व्यापाऱ्याने तीन दुकानांतून माल घेतला आणि पैसे एकाच थैलीतून दिले, तर तीन बिले काही एक होत नाहीत. ठोक भाव मिळवायचा तर तिन्ही दुकानदारांनी आपसात ठरवावे लागते. मुंबईतही तसेच आहे. पहिली मेट्रो एका खासगी कंपनीच्या हाती आहे, दहिसर बाजूच्या मार्गिका दुसऱ्या महामंडळाकडे, भुयारी मेट्रो तिसऱ्याकडे आणि बस बेस्टकडे. प्रत्येकाचा गल्ला वेगळा. म्हणून डी. एन. नगरला किंवा मरोळ नाक्याला एक मेट्रो सोडून दुसरी धरली की भाडे पुन्हा पहिल्या टप्प्यापासून मोजले जाते. कार्डाने सुट्या पैशांची कटकट आणि रांग वाचते, हा फायदा खराच. पण रक्कम तीच राहते.

कार्ड वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, या कार्डावरची रक्कम चिपवर असते. मोबाइलवरून किंवा बँकेतून पैसे भरले तरी ते चिपवर उतरवावे लागतात. त्यासाठी कार्ड एकदा स्टेशनवरच्या यंत्राला किंवा खिडकीवर लावावे लागते. मोबाइलवर रक्कम दिसते आणि फाटक उघडत नाही, असे झाले तर बहुतेक हेच कारण असते. दुसरी, सुटी रक्कम सगळीकडे चालते; पण एका सेवेचा पास कार्डावर भरलेला असेल तर तो त्याच सेवेत चालतो. मेट्रोचा पास बसच्या कंडक्टरच्या यंत्राला कळत नाही. तेथे सुट्या रकमेतूनच पैसे कापले जातात. तेव्हा पास असला तरी कार्डावर थोडी रक्कम ठेवावी.

भाडे एक कसे होते

भाडे खरोखर एक करणारी शहरे आहेत. सिंगापूरने जुलै २०१० पासून पूर्ण प्रवासाच्या अंतरावर भाडे आकारायला सुरुवात केली. तेथे बसमध्ये चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड लावावे लागते. बसमधून उतरून ४५ मिनिटांच्या आत मेट्रो धरली तर यंत्र तो नवा प्रवास मानत नाही. बसचे दोन आणि मेट्रोचे अकरा किलोमीटर मिळून तेराचे भाडे लागते. किमान भाडे एकदाच द्यावे लागते. उतरताना कार्ड लावायला विसरले की यंत्र जास्तीचे भाडे धरते, म्हणून लोक विसरत नाहीत.

मुंबईत याची पहिली पायरी होऊन गेली आहे. एप्रिल २०२२ मध्ये बेस्टने गेटवे ऑफ इंडिया ते चर्चगेट या मार्गावर चढताना-उतरताना कार्ड किंवा मोबाइल लावण्याची बस सुरू केली होती. म्हणजे यंत्राची अडचण सुटण्यासारखी आहे. खरी अडचण गल्ल्याची आहे. सवलत दिली तर तोटा कोणी सोसायचा, बसने की मेट्रोने? फीडर बसमुळे मेट्रोला गिऱ्हाईक मिळते, पण त्यातला वाटा बसला मिळत नाही. जोपर्यंत सगळ्यांच्या जमा रकमेची रोज वाटणी करणारी एक पेढी उभी राहत नाही, तोपर्यंत कोणी पुढे येणार नाही.

पूर्ण भाडे एक करणे दूरचे असेल, तर निदान अर्धी पायरी मागता येईल. मेट्रोच्या आधी किंवा नंतर ४५ मिनिटांत घेतलेल्या बसचे किमान भाडे निम्मे करावे. आमच्या उदाहरणातील तरुणाचे प्रत्येक बसमागे ६ रुपये वाचतील. दिवसाला २४ आणि महिन्याला ६००. भाडेवाढीने जेवढे गेले तेवढेच परत येतील.

बसची वेळ आणि मुलांची सवलत

भाड्याबरोबर वेळही तपासावी. मेट्रो दर चार-पाच मिनिटांनी एक घोळका स्टेशनबाहेर सोडते. फीडर बस वीस मिनिटांनी असेल तर सरासरी दहा मिनिटे उभे राहावे लागते, आणि प्रवास असतो सात-आठ मिनिटांचा. मग माणूस रिक्षाकडे वळतो. रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, म्हणजे बसच्या दुपटीहून जास्त. बस रिकामी धावते आणि काही दिवसांनी प्रवासी नाहीत म्हणून मार्ग बंद होतो. म्हणून कामाला माणूस ठेवताना किंवा कॉलेज निवडताना बस आहे का, एवढेच विचारू नये. किती मिनिटांनी आहे आणि रात्री शेवटची केव्हा आहे, हे विचारावे. सणासुदीच्या मोसमात कारखाने उशिरापर्यंत चालतात. अशा वेळी मेट्रो मिळते आणि पुढची बस मिळत नाही.

मुलांच्या बाबतीत सवलतीची अट नीट वाचावी. दहिसर बाजूच्या दोन मार्गिकांवर १ मे २०२३ पासून विद्यार्थ्यांना पासावर २५ टक्के सवलत देण्यात आली, पण ती बारावीपर्यंतच. पदवीच्या वर्गात गेलेल्या मुलीला ती मिळत नाही. तिच्यासाठी ४५ किंवा ६० फेऱ्यांचा पास असतो. त्यावर सर्वांना अनुक्रमे १५ आणि २० टक्के सूट ठेवलेली आहे. महिन्याला पन्नास फेऱ्या होत असतील तर ६० चा पास घेऊन दहा फेऱ्या वाया घालवण्यापेक्षा ४५ चा पास आणि पाच सुटी तिकिटे स्वस्त पडतात. बसमध्ये विद्यार्थ्यांचा पास वेगळा असतो. त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो, तो प्रवेश घेतानाच मागून ठेवावा.

बाजारातील संघटनांनी आणि आमच्या तालिमी संस्थांनी एक काम करण्यासारखे आहे. "आमच्या भागात बस द्या" असा मोघम अर्ज केराच्या टोपलीत जातो. त्याऐवजी कोणत्या स्टेशनवरून, सकाळी किती ते किती वाजता, किती माणसे, कोठे जातात आणि संध्याकाळी केव्हा परततात याचा एक आठवड्याचा तक्ता करावा. शंभर माणसांची नावे नकोत, शंभर माणसांच्या वेळा हव्यात. तो तक्ता आणि निम्म्या भाड्याची मागणी एकाच अर्जात बस आगाराला आणि मेट्रोच्या कार्यालयाला द्यावी. दोघांना एकच कागद गेला तर निदान जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे कठीण होईल.