खरेदीच्या भावाला बांधलेला माणूस

मुलीच्या प्रवेशाची फी भरायची आहे आणि ५० हजार रुपये कमी पडताहेत. डिमॅट खात्यात दोन शेअर आहेत. पहिला ४० हजारांना घेतला होता, आज त्याचे ५० हजार झालेत. दुसरा ७० हजारांना घेतला होता, तो घसरत घसरत ५० हजारांवर आलाय. दोन्हींची आजची किंमत सारखीच. कोणता विकाल?

बहुतेक घरांत पहिला विकला जातो. ‘फायदा झालाय, काढून घेऊ, दुसरा आत्ता काढला तर वीस हजार जातील.’ हे वीस हजार कधीच गेलेत, हे त्या क्षणी कुणाला पटत नाही. आणि विकायचा निर्णय खरं तर एकाच गोष्टीवर व्हायला हवा: इथून पुढे कोणती कंपनी बरी चालेल? आपण तो शेअर कितीला घेतला, हे ना कंपनीला ठाऊक असतं, ना बाजाराला.

टेरन्स ओडीन या अमेरिकी अभ्यासकाने १९९८ साली हीच गोष्ट मोजून दाखवली. एका ब्रोकरेज कंपनीच्या दहा हजार खात्यांचे १९८७ ते १९९३ या काळातले व्यवहार त्याने तपासले. विक्रीच्या दिवशी खात्यात जे शेअर नफ्यात होते, त्यातले सुमारे १५ टक्के लोकांनी विकले. जे तोट्यात होते, त्यातले दहा टक्केसुद्धा नाहीत. म्हणजे नफ्यातला शेअर विकला जाण्याची शक्यता दीडपट. त्यांचा अंदाज बरोबर असता तर याला हुशारी म्हणता आलं असतं. पण लोकांनी विकून टाकलेल्या शेअरांनी पुढच्या वर्षभरात, लोकांनी धरून ठेवलेल्या शेअरांपेक्षा सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त परतावा दिला. लोक चालता घोडा विकून लंगडा पोसत होते.

याचं मूळ त्याच्या वीस वर्षं आधी सापडलं होतं. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात काही साधे प्रश्न होते. एक असा: तीन हजार नक्की मिळणार, किंवा चार हजार मिळण्याची ८० टक्के शक्यता. काय घ्याल? दर शंभरातल्या ८० जणांनी नक्कीचे तीन हजार घेतले. मग तोच प्रश्न उलटा केला: तीन हजार नक्की जाणार, किंवा चार हजार जाण्याची ८० टक्के शक्यता. आता दर शंभरातल्या ९२ जणांनी जुगार पत्करला. हिशेब केला तर जुगारात सरासरी ३,२०० रुपये जातात, नक्की तोट्यापेक्षा दोनशे जास्तच. पण त्यात वीस टक्के आशा असते की काहीच जाणार नाही, आणि त्या आशेसाठी माणूस ती किंमत मोजतो.

यात दोन गोष्टी एकत्र काम करतात. एक म्हणजे हजार रुपये गेल्याचं दुःख हजार मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. या दोघांच्या नंतरच्या एका अंदाजाप्रमाणे ते जवळजवळ सव्वादोन पट भरतं. हा आकडा प्रत्येकाला आणि प्रत्येक रकमेला लागू पडतो असं नाही. किरकोळ रकमांच्या बाबतीत त्यावर वादही झाले आहेत. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण शेअरच्या बाबतीत तीच जास्त घात करते. तोटा वाढत गेला की पुढचा प्रत्येक रुपया आधीच्या रुपयाइतका टोचत नाही. पहिल्या दहा हजारांनी झोप उडते, तिसरे दहा हजार गेल्याचं नुसतं कळतं. त्यामुळे बुडत चाललेल्या माणसाला आणखी धोका पत्करणं स्वस्त वाटू लागतं.

येस बँकेच्या शेअरचा प्रवास या नजरेने पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तो चारशे रुपयांच्या घरात होता. समजा, एकाने त्या सुमारास थोड्या घसरणीत ३५० रुपयांनी १०० शेअर घेतले. गुंतवले ३५ हजार. सप्टेंबरमध्ये बातमी आली की बँकेचे प्रमुख राणा कपूर यांना जानेवारी २०१९ नंतर पदावर ठेवायला रिझर्व्ह बँकेने नकार दिला आहे. २१ सप्टेंबरला शेअर एका दिवसात तीसेक टक्के कोसळून सव्वादोनशेच्या आसपास आला. त्याआधीच्या दोन वर्षांच्या तपासणीत बँकेची बुडीत कर्जं तिने दाखवल्यापेक्षा हजारो कोटींनी जास्त निघाली होती, हे तेव्हा जाहीर होतं. विचार बदलायला एवढं पुरेसं होतं.

आपल्या गृहस्थांनी मात्र बाजारात सगळे करतात तेच केलं, म्हणजे ‘अ‍ॅव्हरेज’ केलं. २२५ ने आणखी १०० शेअर घेतले. आता खरेदीचा सरासरी भाव साडेतीनशेवरून २८७ रुपये ५० पैशांवर आला. डिमॅटच्या पडद्यावर तोट्याची टक्केवारीही कमी दिसायला लागली. काहीतरी दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात घडलं एवढंच, की एका डळमळीत बँकेत ३५ हजारांऐवजी आता साडेसत्तावन्न हजार अडकले.

मग आशा दाखवणारे महिने आले. जानेवारीत नवा प्रमुख जाहीर झाला. फेब्रुवारीत बँकेने सांगितलं की या वेळच्या तपासणीत रिझर्व्ह बँकेला हिशेबात तफावत आढळली नाही, आणि शेअरने एका दिवसात मोठी उसळी घेतली. मार्चअखेर भाव पावणेतीनशेला पोचला. सरासरीपासून फक्त बारा रुपये दूर! अशा वेळी माणूस स्वतःशी सौदा करतो: मुद्दल सुटू दे, एक पैसा नफा नको, लगेच बाहेर पडतो. हे बारा रुपये बाजाराच्या लेखी काहीच नाहीत, ते फक्त याच्या वहीत आहेत. एप्रिलच्या अखेरीस बँकेने आपला पहिला तिमाही तोटा जाहीर केला, दीड हजार कोटींचा, आणि ३० एप्रिलला भाव पुन्हा तीसेक टक्के पडून १६८ वर आला. गृहस्थांनी अजून २०० घेतले. आता ४०० शेअर, गुंतवणूक ९१,१००, सरासरी २२७ रुपये ७५ पैसे.

मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. मग स्टेट बँकेच्या पुढाकाराने तिला सावरण्याची योजना आली. त्या योजनेत एक अट होती: ज्यांच्याकडे शंभराहून जास्त शेअर आहेत, त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं गोठणार. या गृहस्थांचे ३०० शेअर अडकले. जुलैमध्ये बँकेने नवे शेअर विकायला काढले ते बारा रुपयांनी.

‘विकलं नाही तोवर तोटा नाही’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा गुंतवणूकदार महाराष्ट्रात विरळाच. गंमत अशी की ते नेहमीच खोटं नसतं, म्हणून तर टिकलंय. त्याच मार्च २०२० मध्ये निफ्टी साडेसात हजारांपर्यंत कोसळला होता, आणि ज्यांनी निर्देशांकाचा फंड मुकाट धरून ठेवला, त्यांचं वर्ष संपायच्या आत भरून निघालं. पण निर्देशांकात पन्नास कंपन्या असतात. त्यातली एखादी मेली की तिला काढून दुसरी घेतात. खुद्द येस बँकही त्याच महिन्यात निफ्टीतून बाहेर गेली. एकट्या कंपनीला अशी सोय नाही. त्यातून गणिताची चढण वेगळीच. पन्नास टक्के घसरलेल्या शेअरला मूळ जागी यायला दुप्पट व्हावं लागतं, नव्वद टक्के घसरलेल्याला दहापट.

आपण धीर धरतोय की अडकलोय, हे ओळखायची एक बऱ्यापैकी खूण आहे: धरून ठेवायचं कारण बदललं का? दोन आठवड्यांत दहा टक्के कमवायला घेतलेला शेअर पडला की तो ‘लाँग टर्म’चा होतो. नव्या प्रमुखावर विश्वास ठेवून घेतलेला शेअर, तो प्रमुख गेल्यावर ‘इतका पडलाय, अजून किती पडणार’ म्हणून राहतो. हे दुसरं कारण खरेदीच्या दिवशी कुणी दिलं नसतं.

आणि इथे निव्वळ तोट्याच्या धास्तीपलीकडचं काहीतरी आहे. पैसे जाणं हेच दुःख असतं, तर म्युच्युअल फंडाच्या बाबतीतही लोक असंच वागायला हवेत. तसं होत नाही. अमेरिकी खात्यांच्या २०१६ सालच्या एका अभ्यासात दिसलं की स्वतः निवडलेले पडलेले शेअर लोक धरून ठेवतात, पण पडलेले फंड मात्र नफ्यातल्या फंडांपेक्षा जास्त तत्परतेने विकतात. फंडात दोष द्यायला मॅनेजर असतो. त्याला नावं ठेवून बाहेर पडता येतं. स्वतः निवडलेला शेअर विकायचा म्हणजे आपली निवड चुकली यावर सही करणं. मला वाटतं, कितीतरी खात्यांत वर्षानुवर्षं पडून असलेल्या मेलेल्या शेअरांमागे पैशाची आशा थोडी आणि ही सही टाळणंच जास्त असतं.

म्हणूनच तोट्याला दुसरं नाव मिळालं की हात मोकळा होतो. ओडीनच्या आकड्यांत वर्षातला एक महिना उलटा होता: डिसेंबर. अमेरिकेत तेव्हा करवर्ष संपतं, आणि त्या महिन्यात लोक तोट्यातले शेअरच जास्त विकत होते, कारण आता ती हार नव्हती, करबचत होती. आपल्याकडे ही सोय मार्चमध्ये आहे. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरचा तोटा कोणत्याही भांडवली नफ्यातून वजा करता येतो. बारा महिन्यांनंतरचा मात्र फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर.

आपल्या गृहस्थांनी ३० एप्रिल २०१९ ला तिसरी खरेदी करण्याऐवजी असलेले २०० शेअर विकले असते, तर २३,९०० रुपयांचा तोटा झाला असता. खरेदीला वर्ष झालेलं नसल्याने तो अल्प मुदतीचा, कुठल्याही नफ्यातून वळता होणारा. मार्च २०२३ मध्ये गोठलेले शेअर सुटले, तेव्हा भाव पंधराच्या आसपास होता. सगळे ४०० त्या दिवशी विकले तरी हाती येतात सहा हजार. तोटा ८५ हजारांचा, आणि तोही फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होणारा, असा नफा पुढच्या आठ वर्षांत कुठे झालाच तर.